ट्रेसराउटमध्ये एकाच हॉपवर टाइमआउट: त्यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही

प्रश्न: कामाच्या सर्व्हरशी माझी जोडणी संध्याकाळी वारंवार तुटते. आज सकाळी ट्रेसराउट काढला, तर चौथ्या हॉपवर तिन्ही वेळा टाइमआउट आला आणि तिथे तो बराच वेळ अडकूनही राहिला. प्रोव्हायडरचा राउटर बिघडला आहे याचा पुरावा म्हणून हा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडू का? (तिसऱ्या हॉपपासून पुढचे पत्ते बदलले आहेत.)

```
  1     2 ms     1 ms     2 ms  192.168.1.1
  2     7 ms     6 ms     7 ms  100.64.0.1
  3     8 ms     8 ms     9 ms  198.51.100.9
  4     *        *        *     Request timed out.
  5    41 ms    40 ms    41 ms  203.0.113.2
  6    58 ms    42 ms    73 ms  203.0.113.17
  7    42 ms    41 ms    42 ms  203.0.113.33
  8    42 ms    42 ms    41 ms  192.0.2.80
```

उत्तर: या स्क्रीनशॉटच्या जोरावर तक्रार करू नका, ती पहिल्याच टप्प्यावर फेटाळली जाईल, आणि तसे करणाऱ्याचे काही चुकणारही नाही. चौथ्या ओळीतील तीन तारकांचा अर्थ एवढाच आहे की त्या ठिकाणच्या राउटरकडून एका विशिष्ट प्रकारचा संदेश तुमच्या संगणकापर्यंत ठरलेल्या वेळेत पोहोचला नाही. त्या राउटरने तुमची पॅकेट पुढे पाठवली की नाही, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर चौथ्या ओळीत नसून तिच्या खालच्या चार ओळींत आहे. तिथे बाराच्या बारा उत्तरे आलेली दिसतात. तुमची संध्याकाळची अडचण खरी असेल, कदाचित ती चौथ्या हॉपच्या आसपासचीही असेल, परंतु हे चित्र तसे सांगत नाही.

असे का, हे समजण्यासाठी ट्रेसराउट मुळात काय करतो ते पाहावे लागेल. प्रत्येक आयपी पॅकेटच्या हेडरमध्ये टीटीएल नावाचा एक आकडा असतो. वाटेतील प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि तो शून्यावर आला की ते पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला ‘टाइम एक्सीडेड’ नावाचा आयसीएमपी संदेश धाडतो. इंटरनेटचे नियम नोंदवणाऱ्या आरएफसी दस्तऐवजांपैकी १९८१ च्या आरएफसी ७९२ मध्ये हा संदेश अकराव्या प्रकारचा म्हणून नोंदलेला आहे. टीटीएलची सोय मार्ग मोजण्यासाठी केलेली नव्हती. राउटरांच्या चुकीच्या नोंदींमुळे पॅकेट गोल गोल फिरत राहू नये, एवढाच तिचा हेतू होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या सोयीचा चतुर उपयोग करून ट्रेसराउट लिहिला. आधी टीटीएल एक ठेवून पॅकेट पाठवायचे, मग दोन, मग तीन, आणि प्रत्येक वेळी ‘पॅकेट मेले’ असे कळवणाऱ्या राउटरचा पत्ता लिहून घ्यायचा. विंडोजमधील `tracert` आयसीएमपी एको विनंती वापरतो आणि लिनक्समधील `traceroute` साधारणपणे यूडीपी पॅकेट वापरतो, पण युक्ती तीच.

म्हणजे चौथ्या ओळीसाठी पाठवलेली तीन पॅकेट चौथ्या राउटरवर मरावीत अशाच बेताने पाठवलेली होती. ती पुढे गेली नाहीत यात काही बिघाड नाही. प्रश्न फक्त त्यांच्या मृत्यूची वार्ता परत का आली नाही एवढाच उरतो.

मोठ्या राउटरमध्ये पॅकेट पुढे ढकलण्याचे काम आणि असे संदेश तयार करण्याचे काम यांत मोठा फरक असतो. पुढे ढकलण्याचे काम खास त्यासाठी बनवलेल्या चिप करतात आणि तिथे वेग प्रचंड असतो. टीटीएल संपलेले पॅकेट मात्र त्या ओघातून बाजूला काढून त्याच्यासाठी नवीन संदेश रचावा लागतो, आणि हे काम अनेकदा राउटरच्या प्रोसेसरकडे किंवा त्याला लागून असलेल्या मर्यादित क्षमतेच्या भागाकडे जाते. त्याच प्रोसेसरला शेजारच्या राउटरांशी मार्गांची देवाणघेवाणही सांभाळायची असते. कोणीही येऊन टीटीएल संपलेल्या पॅकेटांचा मारा केला तर ते महत्त्वाचे काम कोलमडू नये, म्हणून अशा संदेशांवर मर्यादा घातली जाते. राउटरांनी काय करावे हे सांगणाऱ्या १९९५ च्या आरएफसी १८१२ मध्येच अशा मर्यादेची तरतूद आहे, आणि आयपीव्ही६ साठी आरएफसी ४४४३ ने ती सक्तीची केली आहे. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्येही एकाच पत्त्याकडे जाणाऱ्या या संदेशांचा वेग `net.ipv4.icmp_ratelimit` या नोंदीने मुळातच आखलेला असतो. काही नेटवर्कचालक तर याहून पुढे जाऊन हा संदेश पूर्णपणे बंद ठेवतात.

तुमच्या स्क्रीनशॉटमधील शांततेमागे आणखी एक कारण असू शकते, जे सहसा लक्षात घेतले जात नाही. राउटरने संदेश पाठवला असेल, पण त्यावर प्रेषक म्हणून जो पत्ता घातला तो खासगी किंवा बाहेर जाहीर न केलेला असेल, आणि परतीच्या वाटेवर कोणत्या तरी फिल्टरने ‘हा पत्ता इथून येऊच शकत नाही’ म्हणून तो अडवला असेल. अशा वेळी चौथा राउटर बोलतो आहे, पण त्याचे बोलणे तुमच्यापर्यंत येत नाही. यांपैकी नेमके काय घडले, ते तारकांवरून कळत नाही. एक ढोबळ खूण मात्र सांगता येते: पुन्हा पुन्हा मोजले तरी तिन्ही जागी कायम तारकाच असतील, तर संदेश बंद ठेवलेला किंवा अडवलेला असण्याचा संभव जास्त. कधी एक तारका, कधी दोन, कधी एकही नाही असे होत असेल, तर वेगाची मर्यादा आड येत असावी. लिनक्समधील ट्रेसराउट वेळ वाचवण्यासाठी एका दमात सोळा पॅकेट सोडतो, त्यामुळे तिथे दुसऱ्या प्रकारच्या तारका विशेष दिसतात. पॅकेटांमध्ये अंतर ठेवून तीच मोजणी केली की त्यांतील बऱ्याच नाहीशा होतात:

```
traceroute -N 1 -z 1 192.0.2.80
```

यात एका वेळी एकच पॅकेट जाते आणि दोन पॅकेटांमध्ये किमान एक सेकंद थांबले जाते. या बदलाने जी तारका निघून जाते, ती जोडणीतली नव्हती. मोजण्याच्या घाईतून आलेली होती.

आता ‘तिथे तो बराच वेळ अडकून राहिला’ याविषयी. हा अनुभव फार फसवा आहे आणि चौथ्या हॉपवर संशय बळावण्याचे खरे कारण बहुधा तेच असते. `tracert` एकामागून एक तीन पॅकेट पाठवतो आणि प्रत्येकाच्या उत्तराची मुळात चार सेकंद वाट पाहतो. उत्तर येणारच नसेल तर त्या एका ओळीवर बारा सेकंद जातात, तर उत्तर देणारी ओळ दोन-तीन सेकंदांत पुरी होते. अडकलेला असतो तो तुमच्या पडद्यावरचा प्रोग्राम. जोडणीतील पॅकेट नव्हे. `tracert -d -w 1000 192.0.2.80` असे चालवले तर थांबण्याची मुदत एक सेकंद होते आणि पत्त्यांची नावे शोधण्यात जाणारा वेळही वाचतो; मग हा ‘अडकणारा’ हॉप बराचसा सुरळीत भासू लागतो, वास्तविक राउटरमध्ये काहीच बदललेले नसते.

स्क्रीनशॉट काय सिद्ध करतो, हेही नीट मोजून पाहण्यासारखे आहे. पाचव्या, सहाव्या, सातव्या आणि आठव्या ओळीसाठी प्रत्येकी तीन, अशी बारा पॅकेट चौथ्या टप्प्याच्या पलीकडे गेली आणि बाराही वेळा उत्तर परत आले. चौथा टप्पा जर निम्मी पॅकेट गाळत असता, तर सलग बारा पॅकेट सहीसलामत सुटण्याची शक्यता ४,०९६ मध्ये एक एवढीच होती. तेव्हा सकाळी त्या क्षणी तिथे मोठा लॉस नव्हता, हे खात्रीने म्हणता येते. पण लॉस दोन टक्के असता तर? दोन टक्के लॉस असतानाही बाराही पॅकेट पोहोचण्याची शक्यता सुमारे ७८ टक्के निघते. दोन टक्के लॉस दूरस्थ कामाला आणि आवाजाच्या कॉलला पुरेसा त्रासदायक असतो, आणि तुमचा स्क्रीनशॉट तो असल्याचेही सांगत नाही आणि नसल्याचेही. म्हणजे तो प्रोव्हायडरच्या विरोधात पुरावा नाही, तसाच त्याच्या बाजूनेही नाही. समोरच्याने हाच स्क्रीनशॉट दाखवून ‘बघा, शेवटची ओळ व्यवस्थित आहे, म्हणजे आमच्याकडे काही नाही’ असे म्हटले, तर तोही निष्कर्ष तितकाच कच्चा आहे. शिवाय अडचण संध्याकाळची आणि मोजणी सकाळची, हा दोष तर कोणत्याही आकडेमोडीने भरून निघत नाही.

इथे काटेकोरपणासाठी एक गोष्ट जोडतो. ‘बारा पॅकेट चौथ्या राउटरमधून गेली’ असे न म्हणता मी ‘चौथ्या टप्प्याच्या पलीकडे गेली’ असे म्हटले आहे. मोठ्या नेटवर्कमध्ये दोन ठिकाणांदरम्यान समान मोलाचे अनेक मार्ग असतात आणि पत्ते, पोर्ट वगैरेंवरून कोणते पॅकेट कोणत्या मार्गाने जाईल ते ठरते. यूडीपी वापरणारा जुना ट्रेसराउट प्रत्येक पॅकेटला पोर्टचा आकडा बदलतो, त्यामुळे त्याच्या सलग ओळी वेगवेगळ्या मार्गांवरील राउटर दाखवू शकतात आणि प्रत्यक्षात एकमेकांना न जोडलेले दोन राउटर कागदावर शेजारी येतात. २००६ मध्ये पुढे आलेला पॅरिस ट्रेसराउट हा प्रकार याच दोषावर काढलेला उपाय आहे. तुमच्या बाबतीत निष्कर्ष बदलत नाही, पण ‘चौथा राउटर’ म्हणजे एकच ठरावीक यंत्र, हे गृहीत धरू नये.

ते यंत्र कोणाचे, हेसुद्धा स्क्रीनशॉटमध्ये नाही. उत्तर न आल्यामुळे त्याचा पत्ताच कळलेला नाही. तिसरा हॉप एका नेटवर्कचा आणि पाचवा दुसऱ्याचा, तर मधला कोणाचाही असू शकतो. त्यातून दोन नेटवर्क जिथे जोडली जातात तिथे दुव्याच्या दोन्ही टोकांना एकाच बाजूने दिलेले पत्ते लावण्याची रीत असल्याने पत्ता दिसला असता तरी मालकी निश्चित झाली नसती. ‘माझ्या प्रोव्हायडरचा राउटर’ हे तुमचे अनुमान आहे. ते बरोबर असेलही.

याच स्क्रीनशॉटमध्ये आणखी दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. तिसऱ्या ओळीत आठ मिलिसेकंद आणि पाचव्या ओळीत एकेचाळीस, ही उडी खरी आहे, कारण ती शेवटपर्यंत टिकते. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन एका मिलिसेकंदात सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर सामावते. तेहतीस मिलिसेकंद म्हणजे जास्तीत जास्त ३,३०० किलोमीटरचा पल्ला. सर्व्हर तेवढ्या अंतरावर असेल तर यात बिघाड काही नाही. तो जवळ असेल तर मार्ग कुठून तरी वळसा घालून जातो आहे असे समजावे, आणि तो वळसा जाण्याच्या वाटेवर आहे की परतीच्या, हे इथून ठरत नाही. सहाव्या ओळीतील ५८ आणि ७३ मात्र सोडून द्या. सातव्या आणि आठव्या ओळीतील पॅकेट त्याच टप्प्यावरून पुढे जाऊन बेचाळीस मिलिसेकंदांत परतली आहेत, तेव्हा सहावा राउटर पॅकेट रोखत नाही; फक्त स्वतःचे उत्तर सवडीने देतो आहे. तारकांना लागू होणारा नियमच इथेही लागू आहे: एका ओळीतील दोष पुढच्या ओळींत उतरत नसेल, तर तो मार्गाचा दोष नाही.

आता संध्याकाळी काय मोजायचे ते पाहू. मोजणी वायरने करा. वाय-फायवरून केलेल्या मोजणीत पहिल्याच ओळीचा गोंधळ बाकी सर्व ओळींत मिसळतो. तीन पॅकेटांऐवजी तीनशे पॅकेट पाठवा. दोन टक्के लॉस असताना तीनशे पॅकेटांत एकही न गळण्याची शक्यता पाव टक्क्याहून कमी आहे, त्यामुळे तेवढी मोजणी पुरेशी बोलकी होते. यासाठी ट्रेसराउटची मोजणी पुन्हा पुन्हा करून प्रत्येक हॉपचा लॉस दाखवणारा `mtr` सोयीचा आहे. विंडोजवर त्याच पद्धतीचा `WinMTR` मिळतो.

```
mtr -n -r -c 300 192.0.2.80
```

एकदा जोडणी नीट चालू असताना आणि एकदा ती प्रत्यक्ष तुटत असताना, अशा दोन्ही वेळी हे चालवा. तुमच्या मार्गावर मिळू शकणारे दोन नमुने मी कल्पून खाली देतो. पहिला:

```
                   Loss%   Snt    Avg
 3. 198.51.100.9    0.0%   300    8.4
 4. ???           100.0    300    0.0
 5. 203.0.113.2     0.0%   300   40.9
 6. 203.0.113.17   37.0%   300   55.2
 7. 203.0.113.33    0.0%   300   41.8
 8. 192.0.2.80      0.0%   300   41.6
```

आणि दुसरा:

```
                   Loss%   Snt    Avg
 3. 198.51.100.9    0.0%   300    8.6
 4. ???           100.0    300    0.0
 5. 203.0.113.2     6.3%   300   47.3
 6. 203.0.113.17   41.0%   300   61.0
 7. 203.0.113.33    6.0%   300   48.1
 8. 192.0.2.80      6.7%   300   47.9
```

वाचताना सुरुवात शेवटच्या ओळीपासून करावी. पहिल्या नमुन्यात शेवटच्या ओळीवर लॉस शून्य आहे. तेव्हा वरच्या ओळींत शंभर टक्के असो की सदतीस, त्या मोजणीच्या काळात सर्व्हरपर्यंतच्या पॅकेटांना काही झालेले नाही. दुसऱ्या नमुन्यात शेवटच्या ओळीवर जवळपास सात टक्के लॉस आहे, हा खरा दोष. मग तो किती वरपर्यंत सलग पोहोचतो ते पाहत जायचे. सातव्या ओळीवर सहा, पाचव्या ओळीवर सहा, तिसऱ्यावर शून्य. सहाव्या ओळीवरील एकेचाळीस टक्क्यांतील सहा टक्के मार्गाचे आणि उरलेले त्या राउटरच्या स्वतःच्या आळसाचे. सहा, सहा पूर्णांक तीन आणि सहा पूर्णांक सात यांतील फरकाला काही अर्थ नाही. तीनशे पॅकेटांत एक-दोन इकडेतिकडे होणारच. दोष तिसऱ्या आणि पाचव्या टप्प्याच्या दरम्यान सुरू होतो, असे आता म्हणता येते.

या दोन नमुन्यांतील चौथी ओळ मुद्दाम शेजारी ठेवून पाहा. ती अक्षरशः सारखी आहे. जोडणी निर्दोष असताना ती जे सांगते तेच दोष असतानाही सांगते, म्हणूनच पुरावा म्हणून तिची किंमत शून्य आहे. दुसऱ्या नमुन्यात संशय त्याच भागावर येऊन ठेपला हे खरे, पण तो तिथे नेला पाचव्या ते आठव्या ओळींनी. मार्गातला मुका हॉप तिथे नसून सातव्या जागी असता, तरीही दोष तिसऱ्या-पाचव्याच्या दरम्यानच निघाला असता.

एवढ्यावरही ‘चौथा राउटर’ असे बोट ठेवता येत नाही, आणि याचे कारण परतीची वाट. ट्रेसराउट जाण्याच्या मार्गावरील राउटर दाखवतो. त्यांची उत्तरे कोणत्या मार्गाने परत येतात ते तो दाखवत नाही. इंटरनेटवर जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगळा असणे ही नेहमीची बाब आहे. पाचव्या हॉपपासून पुढचे नेटवर्क दुसऱ्याचे असेल तर तिथून तुमच्याकडे येणारी उत्तरे तिसऱ्या-चौथ्या हॉपला न शिवता तिसऱ्याच एखाद्या दुव्यावरून येत असतील, आणि गळती त्या दुव्यावर होत असेल. अहवालात दोन्ही प्रसंग अगदी सारखेच दिसतील. सर्व्हर तुमच्या कामाचा आहे, तेव्हा तिथे हात पोहोचत असेल तर सर्व्हरवरून तुमच्या बाजूला उलटा `mtr` काढून घ्या. तो तुमच्या घरच्या पत्त्यापर्यंत न पोहोचता अलीकडेच थांबला तरी परतीचा बराचसा मार्ग कळतो. गळती नेमकी कोणत्या दिशेने आहे हे मात्र जाऊन-येऊन मोजणाऱ्या साधनाने कधीच कळत नाही. त्यासाठी घेणाऱ्या टोकाला मोजावे लागते. सर्व्हरवर `iperf3 -s` चालू ठेवून तुमच्या संगणकावरून हे दोन आदेश एकापाठोपाठ द्या:

```
iperf3 -c 192.0.2.80 -u -b 1M -t 60
iperf3 -c 192.0.2.80 -u -b 1M -t 60 -R
```

पहिल्यात तुमच्याकडून सर्व्हरकडे जाणाऱ्या पॅकेटांचा लॉस दिसतो, `-R` लावलेल्या दुसऱ्यात सर्व्हरकडून येणाऱ्यांचा. पहिल्यात शून्य आणि दुसऱ्यात सहा टक्के आले, तर तुमच्या ट्रेसराउटमधील चौथ्या हॉपचा विषय तिथेच संपला. वेग मुद्दाम एक मेगाबिटवर ठेवला आहे. तो जोडणीच्या कमाल वेगाजवळ नेला तर जोडणी भरल्यामुळे होणारी गळती तुम्ही स्वतःच निर्माण कराल.

कधी चित्र याहून वेगळे असते: एका हॉपपासून थेट तिसाव्या ओळीपर्यंत तारकाच तारका. तिथे ‘पुढे उत्तरे आली’ हा आधार नसतो, त्यामुळे मार्ग खरोखर तुटलेला असू शकतो; पण सर्व्हरपुढच्या फायरवॉलने आयसीएमपी अडवल्यावरही असेच दिसते, आणि माझ्या पाहण्यात दुसरा प्रकार पुष्कळ अधिक आहे. निवाडा लावायला, सेवा ज्या पोर्टवर चालते त्यावरच टीसीपीने मोजावे, उदाहरणार्थ `traceroute -T -p 443 192.0.2.80` (लिनक्सवर याला `sudo` लागू शकते). शेवटच्या ओळीवर उत्तर आले तर मधल्या तारका विसरून जा.

संध्याकाळच्या मोजणीत दुसऱ्या नमुन्यासारखे काही मिळाले तर तक्रारीत ‘चौथा हॉप टाइमआउट देतो’ हे वाक्य घालूच नका. तुमच्या अहवालातले तेवढेच वाक्य वाचून उत्तर देण्याचा मोह समोरच्याला होतो. त्याऐवजी असे लिहावे की अमुक तारखेला, अमुक ते अमुक वेळेत, वायरने जोडलेल्या संगणकावरून सर्व्हरच्या पत्त्यापर्यंत तीनशेपैकी वीस पॅकेट गळली, गळती तिसऱ्या हॉपनंतर सुरू होऊन शेवटपर्यंत टिकते, आणि सकाळी त्याच मोजणीत ती नसते. सोबत दोन्ही वेळचे अहवाल मजकुराच्या स्वरूपात जोडा, चित्र नको. मजकुरातून पत्ता उचलून तपासता येतो. आणि पत्ते बदलू नका, निदान त्यांना पाठवताना तरी.

एक शक्यता अशी आहे की संध्याकाळी जोडणी तुटत असतानाही अहवाल पहिल्या नमुन्यासारखा स्वच्छ येईल. तसे झाले तर तुमच्या स्क्रीनशॉटमधील दुसऱ्या ओळीकडे वळा. `100.64.0.0` ते `100.127.255.255` हा पट्टा २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने प्रोव्हायडरांच्या सामायिक नॅटसाठी राखून ठेवला आहे. तुमच्या राउटरच्या स्थितीच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ताही याच पट्ट्यातला दिसला, तर तुम्ही अनेक ग्राहकांत वाटून घेतलेल्या एका पत्त्यामागे आहात. असा नॅट प्रत्येक चालू जोडणीची नोंद ठेवतो आणि काही काळ तिच्यावरून काहीच गेले नाही की नोंद पुसतो. आरएफसी ५३८२ नुसार प्रस्थापित टीसीपी जोडणीसाठी ही मुदत दोन तास चार मिनिटांपेक्षा कमी असू नये, पण प्रत्यक्षात ती पुष्कळ कमी ठेवलेली आढळते. नोंद पुसली गेली की तुमची जुनी जोडणी मेलेली असते, आणि त्याच क्षणी काढलेला ट्रेसराउट मात्र अगदी निरोगी दिसतो, कारण त्याच्या पॅकेटांसाठी नवी नोंद तयार होते. ओळखायची खूण अशी की काम करत असताना जोडणी टिकते आणि काही मिनिटे हात थांबला की तुटते. एसएसएच वापरत असाल तर `ServerAliveInterval 60` ही ओळ सेटिंगमध्ये घालून एक संध्याकाळ काढून पाहा; जोडणी तुटणे थांबले, तर दोष नोंदीच्या मुदतीत होता, आणि प्रोव्हायडरकडे मागायचे ते राउटरची दुरुस्ती नव्हे तर स्वतंत्र सार्वजनिक पत्ता.